आधी हिरवा डाग, मग थेंब

कुत्र्याचा डोळा लाल झाला की बहुतेक घरांत पहिला हात औषधांच्या डब्याकडे जातो. त्या डब्यात डोळ्यांच्या थेंबांची एखादी अर्धी बाटली असतेच. आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनंतर उरलेली, धाकट्याचे डोळे आले होते तेव्हा आणलेली, नाहीतर मागच्या वर्षी याच कुत्र्याला अ‍ॅलर्जी झाली तेव्हा डॉक्टरांनी दिलेली. ‘डोळ्यांचंच औषध आहे, नुकसान तर काही करणार नाही,’ या भरवशावर दोन थेंब टाकले जातात. त्या बाटलीत स्टिरॉइड असेल आणि कुत्र्याच्या बुबुळावर जखम असेल, तर मात्र तेच थेंब डोळा घालवू शकतात. पशुवैद्य म्हणून मला हे ठासून सांगायचं आहे, कारण जी जखम एरवी आठवड्याभरात भरून आली असती, ती या थेंबांपायी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाते.

बुबुळाच्या समोरचा जो पारदर्शक पडदा आहे, त्याला कॉर्निया म्हणतात. कुत्र्यात त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, किंवा त्याहून किंचित जास्त. एवढ्याशा जाडीतही थर आहेत. सगळ्यात वर पेशींचं पातळ आवरण असतं. ते तेलकट स्वभावाचं असल्यामुळे पाणी आत जाऊ देत नाही. त्याखाली स्ट्रोमा नावाचा जाड थर असतो. कॉर्नियाचा जवळजवळ सगळा भाग हाच. तो कोलॅजनच्या तंतूंनी विणलेला असतो आणि त्याला पाण्याची ओढ असते. स्ट्रोमाच्या मागे डेसिमेट्स मेंब्रेन हा अगदी पातळ, लवचिक पापुद्रा, आणि त्याच्याही मागे पेशींचा एक शेवटचा थर. त्यापलीकडे थेट डोळ्यातलं पाणी.

वरचं आवरण फाटून स्ट्रोमा उघडा पडला की त्याला कॉर्नियल अल्सर म्हणायचं. कारणं अगदी रोजच्या जगण्यातली असतात. मांजराचा पंजा लागतो, आंघोळीत शाम्पू डोळ्यात जातो, पापणीचा एखादा केस आतल्या बाजूला वळून सतत घासत राहतो. पावसाळा सरला की गवताचं कुसळ तिसऱ्या पापणीमागे जाऊन बसतं आणि प्रत्येक उघडझापीला कॉर्निया खरवडतं. पग, शिह त्झू, ल्हासा, पेकिनीज या बसक्या तोंडाच्या जातींचा धोका सगळ्यांत मोठा. त्यांचे डोळे इतके बाहेर आलेले असतात की झोपेतही पापण्या पुरत्या मिटत नाहीत. त्यातून त्यांच्या कॉर्नियाची संवेदना इतर कुत्र्यांपेक्षा कमी असते, त्यामुळे जखम बरीच वाढेपर्यंत ते फारशी तक्रारच करत नाहीत.

अडचण अशी की ताजी जखम नुसत्या डोळ्यांनी सहसा दिसत नाही. दिसतं ते एवढंच: डोळा लाल आहे, पाणी येतंय, कुत्रा एक डोळा बारीक करून बघतोय, सोफ्यावर तोंड घासतोय. हीच लक्षणं अ‍ॅलर्जीतही दिसतात, डोळ्याच्या आतल्या सुजेतही आणि काचबिंदूतही. यातल्या काही आजारांत स्टिरॉइड हेच खरं औषध आहे, आणि अल्सरमध्ये तेच सगळ्यांत घातक. लाल डोळ्याच्या या दोन वाटा वेगळ्या करायला एक अगदी स्वस्त तपासणी आहे, फ्लुओरेसीन स्टेन.

फ्लुओरेसीन हा रंग आडॉल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1871 मध्ये तयार केला. आज तो कागदाच्या बारीक पट्टीच्या टोकाला वाळवलेल्या रूपात मिळतो. पट्टीचं टोक नारिंगी दिसतं. पूर्वी हा रंग बाटलीत विरघळवून ठेवत. पण त्या द्रावणात स्यूडोमोनास नावाचे जिवाणू मजेत वाढतात आणि हेच जिवाणू कॉर्निया झपाट्याने नासवतात. म्हणून निर्जंतुक कागदी पट्टी आली.

तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत. पट्टीच्या टोकावर निर्जंतुक सलाइनचा एक थेंब टाकायचा, वरची पापणी उचलायची आणि ते ओलं टोक डोळ्याच्या पांढऱ्या भागाला अलगद लावायचं. कॉर्नियाला पट्टी लावायची नाही, कारण जिथे ती टेकेल तिथे रंग चिकटतो आणि नसलेली जखम दिसू लागते. कुत्रा दोन-चार वेळा पापणी मिटतो, रंग सगळीकडे पसरतो. मग जादा रंग सलाइनने धुऊन टाकायचा, खोलीतला दिवा मालवायचा आणि निळा प्रकाश डोळ्यावर धरायचा. पावसात रेनकोट फाटला की पाणी फक्त फाटलेल्या जागी आतल्या सुती सदऱ्यात मुरतं, तसाच हा रंग वागतो. शाबूत आवरणावरून तो धुऊन जातो, उघड्या स्ट्रोमात मात्र मुरून बसतो. निळ्या प्रकाशात ती जागा झगझगीत हिरवी दिसते. कुत्र्याच्या मालकाला ती शेजारी उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी बघता येते, आणि मी ती आवर्जून दाखवते. घरी गेल्यावर कुत्र्याच्या नाकातून पिवळट-हिरवं पाणी आलं तर घाबरू नये. अश्रू नाकात उतरण्याची नळी मोकळी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हिरवा डाग दिसला म्हणजे जखम आहे, नाही दिसला म्हणजे नाही, हे बहुतेक वेळा खरं. पण डागाचा आकार आणि कडा नीट पाहिल्या तर त्याहून बरंच काही कळतं. स्वच्छ कडांचा, उथळ, छोटा डाग म्हणजे साधं खरचटणं. डागाची कड धूसर असेल आणि रंग कडेच्या आत, वरवर शाबूत दिसणाऱ्या आवरणाखाली झिरपत असेल, तर नवं आवरण खाली चिकटतच नाहीये असं समजायचं. मध्यम आणि उतारवयाच्या कुत्र्यांत, विशेषतः बॉक्सरमध्ये, असा अल्सर महिनोन्महिने रेंगाळतो. तिथे अँटिबायोटिक बदलत राहून काही होत नाही. सुटलेलं आवरण भूल देणाऱ्या थेंबांखाली खरवडून काढावं लागतं, तेव्हा कुठे नवं आवरण धरतं.

सगळ्यांत फसवा प्रकार तिसराच. जखम खोल जात जात स्ट्रोमा पुरता खाऊन संपवते आणि डेसिमेट्स मेंब्रेनशी येऊन थांबते. या पापुद्र्यात रंग मुरत नाही. त्यामुळे चहूबाजूंनी हिरवं कडं आणि मधोमध काळा, स्वच्छ गोल असं चित्र दिसतं. घाईत बघणाऱ्याला वाटतं, मधला भाग भरून आला. प्रत्यक्षात तिथे अर्ध्या मिलिमीटरचा पडदा संपून एक पापुद्रा तेवढा उरलेला असतो. कुत्रा जोरात शिंकला, त्याने पंजा मारला किंवा कोणी त्याची मान गच्च दाबून धरली, तरी तो फुटू शकतो. याला डेसिमेटोसील म्हणतात, आणि ही त्याच दिवशी हालचाल करण्याची वेळ असते.

आता एक नमुन्याची केस घेऊ. नाव काल्पनिक आहे, पण घटनाक्रम असाच घडतो. चिकू हा पुण्यातल्या एका घरातला चार वर्षांचा पग. सोमवारी संध्याकाळी त्याचा डावा डोळा बारीक झाला आणि पाणी वाहू लागलं. घरात आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब होते. अशा थेंबांत सहसा अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असतात, कारण ऑपरेशननंतरची सूज स्टिरॉइडने उतरते. आजोबांसाठी ते योग्यच होतं. चिकूला रात्री एक थेंब घातला, सकाळी एक. मंगळवारी दुपारी डोळा उघडला, लाली ओसरली, तो जेवलाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. थेंब चालू ठेवले.

हा मंगळवारच घात करतो. स्टिरॉइड सूज दाबतं, सुजेबरोबर लाली आणि दुखणंही दबतं. जखम मात्र आहे तिथेच असते. एरवी काय होतं? कडेच्या शाबूत पेशी सपाट होऊन उघड्या जागेकडे सरकतात आणि ती झाकतात, मग त्यांची संख्या वाढून आवरण पुन्हा जाड होतं. स्टिरॉइड हे सरकणं आणि वाढणं मंदावतं. जखमेवर जिवाणू बसले तर त्यांना गिळायला येणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही ते आवर घालतं. कॉर्नियात एरवी रक्तवाहिन्या नसतात. जखम खोल असेल तर त्या काही दिवसांनी कडेकडून आत वाढत येतात आणि दुरुस्तीचा माल पोचवतात. स्टिरॉइड त्यांनाही रोखून धरतं.

चौथा परिणाम सगळ्यांत विध्वंसक आहे. जिवाणू आणि खुद्द शरीराच्या पांढऱ्या पेशी कोलॅजन विरघळवणारी एन्झाइम सोडतात. जखमेच्या साफसफाईसाठी ती थोड्या प्रमाणात लागतातही. स्टिरॉइडच्या छायेत या एन्झाइमांचा जोर वाढतो, नवं कोलॅजन तयार होणं मंदावतं, आणि विणलेला पक्का स्ट्रोमा अक्षरशः विरघळायला लागतो. कॉर्निया करडा-पांढरा, बुळबुळीत होतो आणि जखमेची कड लोंबल्यासारखी दिसते. याला मेल्टिंग अल्सर म्हणतात. स्यूडोमोनास किंवा स्ट्रेप्टोकोकसची लागण असेल तर उथळ जखमेपासून आरपार भोकापर्यंतचा प्रवास एका दिवसातही होऊ शकतो. बाटलीत सोबत अँटिबायोटिक आहे म्हणून निर्धास्त राहावं, असंही नाही. ते अँटिबायोटिक नेमक्या त्या जिवाणूवर चालेलच असं नसतं, आणि चाललं तरी पेशींना दाबून ठेवणं आणि कोलॅजनची झीज या गोष्टी स्टिरॉइड त्याच बाटलीतून करतच राहतं.

गुरुवारी सकाळी चिकूच्या बुबुळावर निळसर-पांढरा ढग आला आणि घट्ट पिवळी घाण वाहू लागली. घरच्यांना वाटलं, डोळ्यात फूल पडलं. तेव्हा त्याला दवाखान्यात आणलं. तिथलं बोलणं बहुधा असं होतं.

‘काकू, डोळ्यात काय घातलंत?’

‘काही नाही हो डॉक्टर, ह्यांचे थेंब होते घरात, तेच. पहिल्या दिवशी बरं वाटलं होतं त्याला.’

‘ती बाटली आणलीय का? नसेल तर घरी फोन करून तिचा फोटो मागवा. आत काय आहे ते मला वाचायचंय.’

आधी जखमेच्या कडेवरून अलगद नमुना घेतला; काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली कोणते जिवाणू आहेत ते पाहायचं आणि कल्चरलाही पाठवायचं. मग उजव्या, धड डोळ्याची अश्रूंची चाचणी. खुणा केलेली कागदी पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट अडकवतात आणि किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात. 15 किंवा अधिक असेल तर ठीक. चिकूची भरली 9. म्हणजे त्याच्या डोळ्यांत मुळात अश्रूच कमी होते आणि डाव्या डोळ्यातली जखम कदाचित त्या कोरडेपणातूनच सुरू झाली होती. डाव्या डोळ्याला ही पट्टी लावली नाही, कारण तिथे दाब पडणं परवडणारं नव्हतं. शेवटी स्टेन. सुमारे 6 मिलिमीटरचा हिरवा डाग, कडा बुळबुळीत, आणि मधोमध 2 मिलिमीटरचा काळा गोल.

स्टिरॉइड त्या क्षणी बंद. अँटिबायोटिकचे थेंब दिवसाला चार वेळा न घालता दर एक-दोन तासांनी, रात्रीही. त्यासोबत चिकूच्याच रक्तातून वेगळं केलेलं सिरम, थेंब म्हणून. रक्ताच्या या भागात कोलॅजन विरघळवणाऱ्या एन्झाइमांना रोखणारी प्रथिनं असतात. सिरम फ्रिजमध्ये ठेवायचं, बाटलीचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही, आणि दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. वेदनेसाठी पोटातून गोळी. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, म्हणजे ओढाताणीत डोळ्यावर दाब येणार नाही. आणि डोक्याभोवती प्लास्टिकचा कोन, अंगठीएवढाही सैल नाही, नाकाच्या टोकापुढे येईल एवढा लांब.

पण मधला काळा गोल औषधाने भरत नाही. त्याला ऑपरेशन लागतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ त्वचेची एक पट्टी, तिच्या रक्तवाहिन्यांसकट, वळवून खड्ड्यावर शिवतात. टाके केसाहून बारीक असतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली घालावे लागतात. पट्टी जखमेला आधार देते आणि रक्तही पुरवते. चिकूसारख्या केसमध्ये डोळा बहुतेकदा वाचतो, पण पट्टी बसलेल्या जागी पांढरट वण कायमचा राहतो आणि त्या भागातून दिसत नाही. अश्रू वाढवणारं औषध दोन्ही डोळ्यांत जन्मभर घालावं लागेल ते वेगळंच. ही सोय प्रत्येक दवाखान्यात नसते. शस्त्रक्रिया विभाग असलेली पशुवैद्यकीय महाविद्यालयं, जसं परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचं, आणि मोठ्या शहरांतले डोळ्यांचे काम करणारे पशुवैद्य यांना आधी फोन करून विचारावं, म्हणजे प्रवासातले तास वाया जात नाहीत.

हाच चिकू सोमवारी रात्री किंवा मंगळवारी सकाळी आला असता तर? उथळ, छोटा हिरवा डाग, अँटिबायोटिकचे थेंब तीन-चार वेळा, कोन, वेदनेची गोळी. दोन-तीन दिवसांनी पुन्हा स्टेन. साधा अल्सर पाच ते सात दिवसांत भरतो. कोरडेपणाही तेव्हाच सापडला असता. सात दिवसांत भरला नाही तर त्याचा अर्थ ‘आणखी वाट बघा’ असा नाही. काहीतरी कारण अजून तिथेच आहे, पापणीचा केस, कुसळ, कोरडेपणा, लागण किंवा न चिकटणारं आवरण, आणि ते शोधलं पाहिजे.

स्टिरॉइडचे थेंब सरसकट वाईट, असं मात्र कोणी समजू नये. जर्मन शेफर्डमध्ये पॅनस नावाचा आजार होतो. त्यात रक्तवाहिन्या आणि काळपट रंग कॉर्नियावर चढत जातो आणि दृष्टी झाकली जाते. तिथे स्टिरॉइडचे थेंब वर्षानुवर्षं घालावे लागतात आणि त्यांनीच कुत्र्याला दिसत राहतं. डोळ्याच्या आतल्या सुजेत त्यांच्यावाचून डोळा जाऊ शकतो. मात्र अशा कुत्र्याचा डोळाही एके दिवशी अचानक बारीक झाला, तर पुढचा थेंब घालण्याआधी पुन्हा स्टेन हवी. मागच्या महिन्यात डाग दिसला नव्हता, हे आजच्या डोळ्याबद्दल काहीच सांगत नाही. सूज उतरवणारे स्टिरॉइडविरहित थेंबही मनाने घालू नयेत. जखम भरणं तेही लांबवतात आणि त्यांच्यामुळेही कॉर्निया विरघळल्याच्या केसेस झाल्या आहेत. सुन्न करणारे थेंब तपासणीपुरतेच असतात. वारंवार घातले तर ते आवरणाच्या पेशींनाच मारतात, म्हणून ते घरी मागू नयेत. गुलाबपाणी, मध, एरंडेल यांनाही इथे जागा नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत साधं निर्जंतुक सलाइन पुरे.

आजच घरातली थेंबांची बाटली हातात घ्या आणि वरचं मोठं नाव सोडून खालचं बारीक अक्षरांतलं घटकद्रव्यांचं लेबल वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट यांपैकी एकही नाव असेल तर ती स्टिरॉइडची बाटली आहे. एकाच अँटिबायोटिकच्या दोन बाटल्या दिसायला जुळ्या असतात आणि स्टिरॉइड घातलेल्या बाटलीच्या नावापुढे फक्त एखादं जादा अक्षर असतं, तेव्हा दुकानदाराला नाव सांगून भागत नाही. उघडून महिना उलटलेली बाटली कोणतीही असो, फेकून द्या. आणि कुत्र्याचा डोळा बारीक झाला, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा आणि थेंब लिहून मिळण्याआधी विचारा, ‘डॉक्टर, स्टेन करून पाहिलीत का?’ हे विचारायला बिलकूल संकोचू नका.